‘तसे नमूद करावे’ : एका कलमाचे तीन मसुदे

एम.ए.च्या चौथ्या सत्राची तोंडी परीक्षा चालू होती. धुळ्याकडची एक विद्यार्थिनी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांवरचा प्रकल्प घेऊन बसली होती. मुलाखती अहिराणीत, प्रकल्प इंग्रजीत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन-चार पानं उलटली आणि विचारलं, “हे इंग्रजी तुझंच का?” ती म्हणाली, “सर, वाक्यं माझी आहेत, पण चॅटजीपीटीकडून नीट करून घेतली.”

या एका उत्तरावर तिचा निकाल राखून ठेवला गेला आणि प्रकरण गैरमार्ग चौकशी समितीकडे गेलं. तिच्या आधी बसलेल्या मुलाला हाच प्रश्न विचारला होता. त्याचं लेखन हिच्यापेक्षा जास्त गुळगुळीत होतं. तो “हो सर, माझंच” म्हणाला आणि चहाच्या सुट्टीआधी मोकळा झाला.

राज्यातल्या ज्या सार्वजनिक विद्यापीठात मी शिकवतो, तिथली ही गोष्ट. समितीसमोर कागद आले तेव्हा पहिला प्रश्न साधाच होता : तिने कोणता नियम मोडला? प्रकल्पाच्या नियमावलीत एआयचा उल्लेख नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाची वाङ्मयचौर्याबद्दलची २०१८ ची नियमावली सगळ्यांना पाठ होती, पण ती दुसऱ्याच्या मजकुराशी असलेलं साम्य मोजते. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ४० पर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं, ६० पर्यंत गेलं तर वर्षभर थांबायचं आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. या मुलीचं साम्य ६ टक्के होतं. शेवटी समितीच्या हातात एकच कागद राहिला, प्रकल्पाच्या दुसऱ्या पानावरचं छापील प्रमाणपत्र : “हा प्रकल्प मी स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय तयार केला आहे.” त्यावर तिची सही होती. तशी सही गेली कित्येक वर्षं प्रत्येक विद्यार्थी करत आला आहे, अगदी ज्याचा प्रकल्प मोठ्या भावाने टाइप करून दिला तोसुद्धा.

सहा आठवड्यांनी तिचा निकाल लागला. त्याच बैठकीत आम्हा पाच जणांची उपसमिती नेमली गेली : कायदा विभागाच्या मॅडम, संख्याशास्त्राचे सर, ग्रंथपाल, परीक्षा विभागाचे एक अधिकारी आणि मी. काम एका कलमाचं होतं. एआयची मदत थोडी घेऊ द्यायची, पण ती सांगायला लावायची.

पहिला मसुदा

पहिला मसुदा मीच केला आणि तो वाईट होता. “विद्यार्थ्याने प्रकल्पलेखनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर टाळावा. आवश्यक असल्यास मार्गदर्शकाच्या परवानगीने मर्यादित वापर करता येईल व तसे नमूद करावे.” मला वाटलं होतं, दोन वाक्यांत काम झालं.

मॅडमनी त्यावर वाद घातला नाही. पुढच्या बैठकीला त्या दहा चिठ्ठ्या घेऊन आल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक प्रसंग होता. मसुदा समोर ठेवून प्रत्येकाने एकट्याने ‘चालेल’, ‘सांगून चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ एवढंच लिहायचं. आपसात बोलायचं नाही. त्यांचं म्हणणं असं, की ज्या चिठ्ठीवर आपली मतं फुटतील तिथे मसुद्यातलं वाक्य फुटकं आहे असं समजायचं. सहा चिठ्ठ्यांवर फुटली.

एका चिठ्ठीवर होतं : विद्यार्थ्याने ग्रामरलीने लेख तपासला. तिघांच्या मते हा एआय नव्हेच, दोघांच्या मते होता. दुसरी : विद्यार्थिनीने स्वतः लिहिलेला मराठी परिच्छेद गूगल ट्रान्सलेटमध्ये घालून इंग्रजी करून घेतला. तिसरी : संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने विश्लेषणाचा कोड चॅटजीपीटीकडून लिहून घेतला, आकडे मात्र त्याचेच. संख्याशास्त्राचे सर म्हणाले, “यात काय विशेष, आम्ही सगळे घेतो.” ग्रंथपालांना तो अर्धा प्रकल्प बाहेरून करून घेतल्यासारखा वाटला. आणि ज्या चिठ्ठीवर मी अडकलो ती अशी : मार्गदर्शकाने तोंडी ‘वापर गं’ म्हटलं आणि नंतर ते आठवत नाही म्हणाले.

दोष दोन जागी होता. एक, मी साधनाचं नाव घेऊन नियम केला होता. साधनं दर सहा महिन्यांनी बदलतात. आज वर्ड उघडलं तरी कोपऱ्यात एआय बसलेलं असतं. नियम साधनावर बेतला की तो छापून येईपर्यंत शिळा होतो. तो त्या साधनाकडून करून घेतलेल्या कामावर बेतायला हवा. भाषा सुधारणं हे काम, भाषांतर हे काम, निष्कर्ष लिहवून घेणं हे काम. ते कोणत्या अ‍ॅपने केलं याला महत्त्व नाही. दोन, ‘आवश्यक’, ‘मर्यादित’ आणि ‘तसे’ या तीन शब्दांवर सगळा भार होता आणि तिन्हींचा अर्थ मार्गदर्शकागणिक बदलत होता.

वीस टक्के

दुसऱ्या मसुद्याची सूचना परीक्षा विभागाकडून आली. ती ऐकायला इतकी सरळ होती की पहिल्या दहा मिनिटांत आम्ही जवळजवळ मान्य केली होती. साम्याला १० टक्क्यांची मर्यादा आहे, तशी एआयला २० टक्क्यांची ठेवू. तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून आकडा येईल, वीसच्या आत असेल तर पास. भांडण नको, सुनावणी नको.

इथे संख्याशास्त्राच्या सरांनी खडू हातात घेतला. साम्याचा टक्का आणि एआयचा टक्का ही दोन वेगळ्या जातीची मापं आहेत, हे त्यांनी आम्हाला समजावलं. साम्याच्या अहवालात पिवळ्या केलेल्या ओळीवर क्लिक केलं की मूळ स्रोत उघडतो. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून कोणीही माणूस ठरवू शकतो की ही चोरी आहे की अवतरण. एआयच्या अहवालात समोर ठेवायला काहीच नसतं. ‘असं लेखन यंत्र करतं तसं दिसतं’ एवढा तो अंदाज असतो. आरोपीला उलटतपासणी घेता येईल असा साक्षीदारच तिथे नसतो.

मग चूक किती होते हा प्रश्न आला. साम्य तपासण्याचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या टर्निटिन कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये आपला एआय शोधक सुरू केला तेव्हा खोटा आळ येण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी असल्याचं सांगितलं होतं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यावर साधा गुणाकार केला : २०२२ मध्ये त्यांच्याकडून विद्यार्थ्यांचे ७५,००० लेख टर्निटिनमधून गेले होते, एक टक्का धरला तरी साडेसातशे लेखांवर नाहक आळ आला असता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी तो शोधक बंद केला. त्याच्या महिनाभर आधी चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा शोधकही अचूकता कमी असल्याचं कारण देऊन मागे घेतला होता.

आमच्या मुलांच्या दृष्टीने खरी अडचण याहून पुढची होती. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात शोधक तपासले. टोफेल परीक्षेसाठी माणसांनीच लिहिलेले, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे, ९१ निबंध त्यांना दिले. या शोधकांनी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले. अमेरिकन शाळकरी मुलांच्या निबंधांवर हेच शोधक जवळजवळ बिनचूक होते. कारण असं की शोधक शब्दांची अनपेक्षितता मोजतात, आणि शिकून आलेलं इंग्रजी लिहिणारा माणूस मोजके, ठरावीक, अपेक्षित शब्द वापरतो. त्याच अभ्यासात पुढे तेच निबंध चॅटजीपीटीला देऊन शब्दसंपदा वाढवून घेतली, तर खोटे आळ एकदम घटले. म्हणजे धुळ्याच्या मुलीने स्वतःच्या हाताने, अडखळत इंग्रजी लिहिलं असतं तर ती पकडली जाण्याची भीती जास्त. हे ऐकल्यावर परीक्षा विभागाच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच वहीतल्या वीसच्या आकड्यावर काट मारली.

एक बाब मॅडमनी जोडली. २०२४ मध्ये हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठाने कायद्याच्या एलएलएम पदवीच्या विद्यार्थ्याला त्याची उत्तरं ८८ टक्के एआयने लिहिली आहेत असं म्हणून नापास केलं. तो उच्च न्यायालयात गेला. एआय वापरू नये असा स्पष्ट नियमच नव्हता, हा त्याचा एक मुद्दा होता. निवाड्याची वेळ येण्याआधीच विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केलं आणि याचिका निकाली निघाली, त्यामुळे कायद्याचा प्रश्न तसाच राहिला. “आपण कलम करतोय ते असं करूया,” मॅडम म्हणाल्या, “की उद्या न्यायाधीशांनी विचारलं, याला आधी काय सांगितलं होतं, तर आपल्याकडे वाचून दाखवायला एक वाक्य असेल.”

तिसरा मसुदा

तिसऱ्या मसुद्यात आम्ही कामाचे तीन भाग केले : न सांगता चालणारं, सांगून चालणारं आणि मुळीच न चालणारं. अभ्यासमंडळ आणि विद्याशाखेतून विद्यापरिषदेपर्यंत गेलेला मजकूर थोडक्यात असा :

> १. प्रकल्पातील प्रश्न, सामग्री, विश्लेषण व निष्कर्ष विद्यार्थ्याचे स्वतःचे असतील. त्यांतील प्रत्येक विधानाची जबाबदारी विद्यार्थ्याची राहील.
>
> २. शुद्धलेखन व विरामचिन्हे तपासणे आणि शोधयंत्राने संदर्भ शोधणे, यांची नोंद करण्याची गरज नाही.
>
> ३. पुढील मदत नोंद करून घेता येईल : (अ) विद्यार्थ्याने आधी स्वतः लिहिलेल्या मजकुराची भाषा सुधारणे, (आ) भाषांतर, मूळ मजकूर निकाल लागेपर्यंत जपून ठेवण्याच्या अटीवर, (इ) विश्लेषणासाठी संगणकीय आज्ञावली लिहिणे किंवा तिच्यातील चुका शोधणे.
>
> ४. पुढील गोष्टी करता येणार नाहीत : माहिती, मुलाखती वा आकडे तयार करून घेणे, विश्लेषण वा निष्कर्ष लिहवून घेणे, स्वतः न वाचलेला संदर्भ देणे, उत्तरदात्याची ओळख पटेल असा मजकूर बाहेरच्या साधनात टाकणे.
>
> ५. अभ्यासमंडळ वा मार्गदर्शक कलम ३ मधील मदत कमी करू शकतील, वाढवू शकणार नाहीत. असा बदल सत्र सुरू होण्यापूर्वी लेखी कळवावा.
>
> ६. कलम ३ मधील मदतीची नोंद केली, या कारणावरून गुण कमी करता येणार नाहीत.
>
> ७. नोंद अपुरी असल्यास ती पूर्ण करण्यासाठी सात दिवस द्यावेत. कोणत्याही साधनाने दाखवलेला टक्का हा एकटा पुरावा धरला जाणार नाही.

यातला सगळ्यात जास्त वेळ खाणारा शब्द ‘आधी’ होता. तो काढून वाचा, म्हणजे कळेल. “विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या मजकुराची भाषा सुधारणे” एवढंच ठेवलं तर चार मुद्दे देऊन दोन पानं लिहवून घेणारा विद्यार्थीही म्हणू शकतो, मुद्दे माझे होते, भाषा सुधारली. ‘आधी’ आला की कच्चा मसुदा असावा लागतो, आणि तो दाखवता येतो. बहुतेक मुलं गूगल डॉक्समध्ये लिहितात. तिथल्या जुन्या आवृत्त्यांत परिच्छेद टप्प्याटप्प्याने वाढलेला दिसतो. दीड पान एका क्षणात चिकटवलेलं असेल तर तेही दिसतं. अर्थात दुसरीकडे हाताने लिहून मग चिकटवलेलंही असू शकतं, म्हणून हाही एकटा पुरावा धरायचा नाही असं ठरलं. वही असेल तर वही आणा.

चौथ्या कलमातली शेवटची बाब ग्रंथपालांची. आम्ही चौघे लेखनचोरीचाच विचार करत होतो. त्या म्हणाल्या, मुलाखतीत बाई मुकादमाच्या उचलीबद्दल नाव घेऊन बोलली असेल, तो कागद विद्यार्थिनी भाषांतरासाठी बाहेरच्या सर्व्हरवर टाकणार. त्या बाईने संमती दिली होती ती हिला, कंपनीला नाही. त्यामुळे भाषांतर चालेल, पण आधी नाव, गाव, मुकादम, कारखाना काढून.

आणि शब्दाबद्दल एक. घेतलेली मदत सांगण्याला कायद्याच्या मराठीत ‘प्रकटन’ म्हणतात. एका विद्यार्थ्याने वाचून विचारलं, “सर, यात कोण प्रकट होणार?” आम्ही ‘मदतनोंद’ केलं.

नोंद कशी लिहायची

‘तसे नमूद करावे’ म्हटल्यावर मुलं काय लिहितात ते आम्ही मागच्या बॅचकडून लिहवून घेऊन पाहिलं. जवळजवळ सगळ्यांनी एकच वाक्य फिरवून लिहिलं : “या प्रकल्पात काही ठिकाणी एआयची मदत घेतली आहे.” हे वाक्य खरं आहे आणि निरुपयोगी आहे. परीक्षकाला त्यातून काही तपासता येत नाही, आणि विद्यार्थ्याला त्यातून काही संरक्षण मिळत नाही. उलट, सगळ्याच प्रकल्पावर संशय पसरतो.

म्हणून नोंदीचे चार रकाने केले : कोणतं साधन आणि कधी, प्रकल्पात कुठे, कोणतं काम, आणि त्यानंतर मी स्वतः काय तपासलं वा बदललं. चौथा रकाना मुलांना आगाऊ वाटला, पण नोंदीचा जीव त्यातच आहे. धुळ्याच्या त्याच विद्यार्थिनीला आम्ही विनंती केली, तुझ्या प्रकल्पाची नोंद आता लिहून दाखव. तिने लिहिलं :

> चॅटजीपीटी, फेब्रुवारी–मार्च. प्रकरण २ व ४. मी इंग्रजीत लिहिलेल्या परिच्छेदांची भाषा सुधारली. ‘उचल’ या शब्दाचे त्याने ‘लोन’ केले होते. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून मजुरीपोटी घेतलेली रक्कम, म्हणून मी ‘अ‍ॅडव्हान्स’ असे परत बदलले. पान ३१ वर त्याने एक वाक्य स्वतःहून वाढवले होते, ते काढले.

हे वाचल्यावर तोंडी परीक्षेत काय विचारायचं ते आपोआप समजतं. ‘उचल’ आणि कर्ज यात फरक काय, ती फिटली नाही तर पुढच्या हंगामात काय होतं? ज्याने मुलाखती घेतल्या आहेत तो यावर पाच मिनिटं बोलेल. ज्याने नाहीत, तो पहिल्या वाक्यालाच थांबेल. शोधकाचा कोणताही आकडा इतकं सांगत नाही.

सांगणाऱ्याला काय मिळतं

सहाव्या कलमावर विद्यापरिषदेत सर्वांत जास्त विरोध झाला. एका ज्येष्ठ सदस्यांचा मुद्दा होता : मदत घेतली तर गुण थोडे कमी व्हायलाच हवेत, नाहीतर ज्याने सगळं स्वतः लिहिलं त्याच्यावर अन्याय. मुद्दा चुकीचा नव्हता. पण ज्या घटनेवरून आम्ही बसलो होतो तीच मी पुन्हा सांगितली : खरं बोलणारी सहा आठवडे लटकली, दुसरा चहाआधी सुटला. पुढची बॅच यातून काय शिकली असेल?

हे फक्त आमच्याकडचं नाही. लंडनच्या किंग्ज बिझनेस स्कूलमधल्या एका अभ्यासात, मुखपृष्ठावर एआयची नोंद सक्तीची असूनही सुमारे ७४ टक्के विद्यार्थ्यांनी ती केली नव्हती. गुण कापले जातील ही भीती आणि नक्की काय सांगायचं याबद्दलचा गोंधळ, ही कारणं पुढे आली. म्हणजे नोंद सक्तीची करणं सोपं आहे. ती खरी लिहावीशी वाटणं, हे कलमाच्या इतर वाक्यांवर अवलंबून असतं.

त्या ज्येष्ठ सदस्यांच्या मुद्द्याचं उत्तर मात्र गुणपत्रिकेतच सापडलं. आमच्या प्रकल्पाच्या शंभर गुणांत ‘भाषा व मांडणी’ला दहा होते. भाषा सुधारून घ्यायला परवानगी दिली की हे दहा गुण साधनाला दिल्यासारखे होतात. मग ते दहा गुण तोंडी परीक्षेकडे वळवले. आता स्वतः लिहिणाऱ्याचं नुकसान नाही आणि नोंद करणाऱ्याला शिक्षाही नाही. मराठी विभागाने मात्र पाचव्या कलमाचा आधार घेऊन ‘भाषा सुधारणे’ आपल्या विषयापुरतं बंदच केलं. त्यांच्याकडे भाषा हाच विषय आहे, त्यामुळे ते योग्यच होतं.

एक गोष्ट आमच्या हातून जवळजवळ निसटली होती. कलम मंजूर झालं, परिपत्रक निघालं, आणि प्रकल्पाच्या दुसऱ्या पानावरचं जुनं प्रमाणपत्र तसंच छापलं जात होतं : “कोणाच्याही मदतीशिवाय.” म्हणजे पान २ वर विद्यार्थी मदत नाकारणार आणि शेवटच्या पानावर ती नोंदवणार. परीक्षा विभागातल्या एका कारकुनाने फोन करून विचारलं, “सर, यातलं खरं कुठलं धरायचं?” आता ते वाक्य असं आहे : “या प्रकल्पातील प्रश्न, सामग्री, विश्लेषण व निष्कर्ष माझे आहेत, घेतलेली मदत सोबतच्या मदतनोंदीत आहे.” मदत घेतलीच नसेल तर नोंदीत ‘नाही’ लिहून सही करायची, पान कोरं ठेवायचं नाही.

कलम लागू झालं ते पुढच्या बॅचपासून. चालू सत्राच्या मुलांना ते मागे जाऊन लावायचं नाही, यावर मॅडम ठाम होत्या. पहिल्या फेरीत तीन नोंदी अपुऱ्या म्हणून परत गेल्या. एका मुलाने चौथ्या रकान्यात लिहिलं होतं, “सर्व तपासले.” मार्गदर्शकांनी त्याला बोलावून संदर्भसूची उघडली आणि सातव्या क्रमांकाचा लेख दाखव म्हणाले. नियतकालिक खरं होतं, वर्ष खरं होतं, पण त्या अंकात त्या नावाचा लेखच नव्हता. मुलगा बराच वेळ मोबाइलवर शोधत राहिला. मग म्हणाला, “सर, सात दिवस आहेत ना?” मार्गदर्शक म्हणाले, “नोंद पूर्ण करायला आहेत. हे चौथं कलम आहे.”